आडनाव एक, नावे साधी

दुधाची पिशवी घरात रोज येते आणि दुपारपर्यंत कचऱ्यात जाते. दही आठवड्यातून दोन-तीनदा येते. ताक उन्हाळ्यात रोज लागते आणि पावसाळ्यात क्वचित. तुपाची बरणी मात्र महिन्यातून एकदाच येते आणि महिनाभर फडताळात राहते. गावातली डेअरी स्वतःच्या नावाने माल विकायला निघते, तेव्हा या चार पदार्थांना नावे कशी द्यायची याचे उत्तर या वेळापत्रकातच आहे.

तूप घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानात तुपाची पारख करता येत नाही. बरणी सीलबंद असते आणि एका बरणीला कित्येक दिवसांच्या दुधाचे पैसे मोजावे लागतात. अशा वेळी ते एकाच गोष्टीवर विसंबते: याच नावाचे दूध आपण सहा महिने घेतो आहोत, ते कधी नासले नाही, कधी पातळ लागले नाही. रोजच्या पिशवीने थोडा थोडा विश्वास जमवलेला असतो आणि तो बरणीच्या वेळी कामी येतो. बरणीवर दुसरेच नाव असेल, तर तो विश्वास तिथवर पोचत नाही. तुपाला पहिल्या दिवसापासून नव्याने ओळख करून घ्यावी लागते, तीही महिन्यातून एका भेटीत.

तरीही अनेक छोट्या डेअऱ्या नेमके हेच करतात. दुधाला एक नाव, दह्याला दुसरे, ताकाला थंडाव्याचे, तुपाला देवादिकांचे. प्रत्येक नाव सुटे पाहिले तर छान असते, पण दुकानाच्या फ्रीजमध्ये ते चार परक्यांसारखे उभे राहतात. माझे म्हणणे सरळ आहे: गावच्या डेअरीला एकच आडनाव हवे आणि ते ठळक हवे. पदार्थाचे स्वतःचे नाव म्हणून दूध, दही, ताक, तूप हे शब्द पुरेसे आहेत. तिसरा शब्द तिथेच घालावा, जिथे गिऱ्हाइकाला एकाच जातीच्या दोन वस्तूंतून निवड करायची आहे. हे प्रत्यक्षात कसे उतरते, ते एका कल्पित डेअरीच्या उदाहरणाने पाहू.

आडनाव कुठून घ्यावे

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात चाळीस दूध उत्पादकांचा गट आहे. रोज सुमारे ८०० लिटर दूध जमते, त्यात ५०० लिटर गाईचे आणि ३०० लिटर म्हशीचे. तालुक्याच्या गावी विकायचे पाच पदार्थ ठरले आहेत: गाईचे दूध, म्हशीचे दूध, दही, ताक आणि तूप. आता बैठकीत नावे सुचवली जातात.

पहिले सुचते ते ‘साय’. दोन अक्षरे, घरोघरी माहीत, ऐकताच तोंडाला पाणी. ‘साय दही’ आणि ‘साय तूप’ उत्तम बसतात. अडचण ताकाशी येते. या डेअरीत तुपासाठी दुधातून क्रीम काढून घेतले जाणार आणि उरलेल्या दुधाचे ताक होणार. म्हणजे ज्यातून साय काढूनच घेतली आहे, त्या ताकावर ‘साय’ लिहायचे. गिऱ्हाइकाला ते खोटे वाटेल, आणि ते खोटे असेलच. एका पदार्थाचा गुण आडनाव म्हणून घेतला की दुसऱ्या पदार्थाला ते नाव शोभत नाही.

दुसरे सुचते ‘चरवी’. दूध काढायचे, तापवायचे पितळी भांडे. आजीच्या स्वयंपाकघरातला शब्द. कागदावर तो देखणा दिसतो. पण दुधाचे नाव वाचले जाते त्याहून जास्त बोलले जाते. दुकानदार फोनवर मागणी देतो, लहान मुलाला पिशवी आणायला पाठवतात, वाहनाच्या आवाजात वाटप करणारा ओरडून विचारतो. ‘चरवी तूप’ फोनवर ‘चरबी तूप’ असे ऐकू आले, तर तुपात चरबीची भेसळ होते हे ऐकून असलेल्या गिऱ्हाइकापुढे तो शब्द पुन्हा काढायची सोय राहत नाही. हे नाव तिथेच बाद.

तिसरा प्रस्ताव देवाधर्मातल्या नावांचा: नंदिनी, गोकुळ, गोवर्धन, सुरभी, कामधेनू. ही नावे गोड आहेत, म्हणूनच तिथे गर्दी आहे. कोल्हापूरच्या जिल्हा दूध संघाचे ‘गोकुळ’ आहे, मंचरच्या पराग मिल्क फूड्सचे ‘गोवर्धन’ आहे, कर्नाटकच्या महासंघाचे ‘नंदिनी’ आहे. नव्या डेअरीने त्याच कुळातले नाव घेतले, तर आपला माल दुसऱ्याचा समजला जाईल किंवा दुसऱ्याच्या चुकीचे खापर आपल्यावर फुटेल.

चौथे नाव गावाचे किंवा नदीचे. इथे थांबून विचार करावा, कारण मोठी नावे बहुधा याच वाटेने आली आहेत. ‘वारणा’ नदीच्या नावाने, ‘कात्रज’ आणि ‘आरे’ ठिकाणांच्या नावांनी ओळखले जातात. ‘अमूल’ हे नाव आणंद मिल्क युनियन लिमिटेड यांच्या आद्याक्षरांतून जुळले आणि ‘अमूल्य’ शब्दाचीही त्यात आठवण आहे. आणंदचा तो संघ १९४६ मध्ये उभा राहिला. या नावांत एक समान धागा आहे. त्यांतले एकही नाव पदार्थाच्या चवीचे किंवा गुणाचे वर्णन करत नाही. माल कुठून आला, कोणी आणला एवढेच ते सांगते. म्हणूनच त्याच नावाखाली दूध, श्रीखंड, लोणी, पेढा असे काहीही न अडखळता बसते.

मात्र गावाचे नाव घेण्याला एक मर्यादा आहे. गाव सगळ्यांचे असते. उद्या त्याच गावात दुसरी डेअरी निघाली आणि तिनेही गावाचे नाव लावले, तर तिला अडवणे कठीण जाते. वर्षानुवर्षे वापरून लोकांच्या मनात नाव पक्के झाले, की कायदाही त्याची दखल घेतो. पण नव्या डेअरीच्या हातात ती वर्षे नसतात.

आमच्या उदाहरणातल्या बैठकीत शेवटी ‘दावण’ हा शब्द पुढे येतो. गोठ्यात गुरे ओळीने जिला बांधतात ती दावण. हा शब्द मालाचा गुण सांगत नाही, मूळ ठिकाण दाखवतो. दुधाला बसतो, ताकाला बसतो आणि उद्या श्रीखंडालाही बसेल. उच्चार सोपा आहे आणि वाईट अर्थाच्या शब्दाशी त्याची गल्लत होत नाही. शहरातल्या काही मुलांना तो ठाऊक नसेल, पण त्याने बिघडत नाही. नाव आधीपासून माहीत असण्यापेक्षा ते पहिल्यांदा ऐकून बरोबर उच्चारता येणे महत्त्वाचे. हे नाव इथे उदाहरणापुरते घेतले आहे. खऱ्या डेअरीने ते वापरण्याआधी ते मोकळे आहे का हे तपासावेच लागेल.

नाव मोकळे आहे का

ही तपासणी पिशव्या छापण्याआधी करायची असते. ट्रेडमार्क नोंदणीत वस्तूंचे वर्ग ठरलेले आहेत. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर हे सारे २९व्या वर्गात येतात. आइस्क्रीम ३०व्या वर्गात जाते. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट शोध घेता येतो. शोधताना एकच स्पेलिंग टाकून समाधान मानू नये. रोमन लिपीत ‘दावण’ तीन-चार तऱ्हांनी लिहिता येते, ते सगळे पाहावे आणि उच्चाराने जवळचे शब्दही पाहावेत. कान फसेल इतके सारखे नाव २९व्या वर्गात आधीच असेल, तर आपले नाव कितीही आवडले असले तरी सोडून द्यावे.

व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका नावाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे. इतरांना ९,००० रुपये. अर्जाची तपासणी झाली की नाव ट्रेडमार्कच्या नियतकालिकात छापले जाते आणि हरकत घ्यायला चार महिने मिळतात. नोंदणी झाली की ती दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येते. एक आडनाव ठेवण्याचा फायदा इथे पैशातही दिसतो. ‘दावण’ हा एक शब्द नोंदवला की २९व्या वर्गातल्या पाचही पदार्थांवर तो चालतो: एक अर्ज, ४,५०० रुपये. पाच पदार्थांना पाच नावे दिली तर पाच अर्ज, २२,५०० रुपये, आणि पाच ठिकाणी हरकत येण्याची शक्यता.

‘शुद्ध’, ‘ताजे’, ‘गावरान’ असे शब्द नाव म्हणून नोंदवता येतील का, असे हमखास विचारले जाते. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याचे ९वे कलम मालाचे नुसते वर्णन करणाऱ्या शब्दांना नोंदणी नाकारते, कारण असे शब्द सर्व विक्रेत्यांना लागतात. शिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या नियमांनुसार, नैसर्गिक, ताजे, शुद्ध, पारंपरिक यांसारखे विशेषण ब्रँडच्या नावातच असेल आणि त्याने गिऱ्हाइकाची दिशाभूल होणार असेल, तर ‘हे केवळ ब्रँडचे नाव आहे, मालाचे खरे स्वरूप सांगत नाही’ अशा अर्थाची सूचना वेष्टनावर ठळक छापावी लागते. आपण कौतुकाने ‘शुद्ध’ लिहायचे आणि त्याखाली आपल्याच हाताने त्याचा खुलासा छापायचा, यापेक्षा तो शब्द नावात नसलेला बरा.

देवादिकांच्या नावांचे काय होते, याचे मोठे उदाहरण सर्वोच्च न्यायालयात घडले. बंगळूरच्या ‘नंदिनी डिलक्स’ या उपाहारगृहाने आपले नाव नोंदवायला घेतले आणि ‘नंदिनी’ दूध विकणाऱ्या कर्नाटकच्या महासंघाने हरकत घेतली. जुलै २०१८ मध्ये न्यायालयाने उपाहारगृहाच्या बाजूने निर्णय दिला. नंदिनी हे पुराणातल्या देवतेचे आणि गाईचे नाव आहे, महासंघाने घडवलेला नवा शब्द नाही, हे न्यायालयाने लक्षात घेतले. मात्र दूध आणि दुग्धपदार्थ उपाहारगृहाच्या नोंदणीतून वगळले गेले. म्हणजे दुधाच्या क्षेत्रात महासंघाचे नाव सुरक्षित राहिले, पण त्या शब्दावर सर्वत्र त्याचा एकट्याचा हक्क मान्य झाला नाही. इतक्या मोठ्या महासंघाची ही गत, तर गावच्या डेअरीने पुराणातले नाव घेताना दोनदा विचार करावा.

पदार्थाचे नाव मोठ्या अक्षरांत

आडनाव ठरले. आता त्याखाली काय लिहायचे? माझे उत्तर: दूध, दही, ताक, तूप. यात कल्पकता कमी पडते असे काहींना वाटेल. पण वेष्टनाच्या पुढच्या बाजूला पदार्थाचे खरे नाव देणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे दह्याला वेगळे गोंडस नाव दिले, तर पिशवीवर ब्रँड, गोंडस नाव आणि ‘दही’ अशा तीन गोष्टी एकमेकींना ढकलत बसतात. अर्ध्या लिटरच्या पिशवीवर तेवढी जागाच नसते.

सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. मराठी तिच्या जोडीला चालते. दूध आणि दही दोन्ही भाषांत सारखेच, पण ताक आणि तूप इथे वेगळे पडतात. त्यामुळे मोठ्या अक्षरांत ‘ताक’ लिहून त्याखाली नियमातले नाव द्यावे लागते. भाषेचा प्रश्न किती नाजूक असतो हे २०२३ मध्ये दिसले. तामिळनाडू आणि कर्नाटकातल्या दूध संघांना दह्याच्या पिशवीवर ‘दही’ हा शब्द ठळक लिहायला सांगितले गेले, तेव्हा तिथे मोठा विरोध झाला. ३० मार्च २०२३ रोजी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भूमिका बदलली आणि इंग्रजी नावाशेजारी कंसात तयिर, मोसरू, पेरुगू, दही असे स्थानिक नाव द्यायला मुभा दिली. लोकांनी तो विरोध ब्रँडच्या नावासाठी केला नव्हता. रोजच्या ताटातल्या पदार्थाचे आपले नाव त्यांना पिशवीवर हवे होते.

तुपाच्या बाबतीत जुने शब्द वापरण्याचा मोह होतो: साजूक, लोणकढे, आणि हल्ली उत्तरेकडून आलेले ‘बिलोना’. हे शब्द प्रक्रिया सांगतात, म्हणून ते खरे असतील तरच लिहावेत. लोणकढे म्हणजे लोणी कढवून केलेले. डेअरीत यंत्राने क्रीम वेगळे करून ते थेट कढवले जात असेल, तर मधला लोण्याचा टप्पा झालाच नाही. बिलोना म्हणून विकले जाणारे तूप पूर्ण दुधाचे दही लावून, ते घुसळून निघालेल्या लोण्याचे असावे अशी गिऱ्हाइकाची समजूत असते. आमच्या उदाहरणातल्या डेअरीत क्रीम यंत्रानेच काढले जाते. तिने बरणीवर ‘दावण – गाईचे तूप’ एवढेच लिहावे. ‘ए-टू’ हा शब्दही सध्या अंगचटीला लावू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये प्राधिकरणाने हे दावे काढून टाकायला सांगितले आणि काही दिवसांतच ती सूचना मागे घेतली. ज्या शब्दाचे भवितव्य असे लोंबकळते आहे, त्यावर कायमचे नाव उभारणे धोक्याचे.

तिसरा शब्द कधी

दही एकाच प्रकारचे असेल, तर ‘दावण दही’ म्हटल्यावर निवड संपली. दूध मात्र दोन प्रकारचे आहे, म्हणून तिथे तिसरा शब्द लागतो. मोठ्या ब्रँडनी इथे खास नावे घडवली. अमूलमध्ये फुल क्रीम दुधाला ‘गोल्ड’, स्टँडर्डाइज्डला ‘शक्ती’, टोन्डला ‘ताजा’ म्हणतात. फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५ आणि टोन्डमध्ये ३ टक्के. ‘शक्ती’ म्हणजे साडेचार टक्के हे त्या शब्दातून कळत नाही. वर्षानुवर्षांच्या जाहिरातींनी आणि रोजच्या सवयीने ते लोकांच्या डोक्यात बसले आहे. गावच्या डेअरीजवळ जाहिरातीचे तेवढे बळ नाही. तिचा तिसरा शब्द असा हवा की तो फरक स्वतःच सांगेल: ‘गाईचे’ आणि ‘म्हशीचे’. महाराष्ट्रातले गिऱ्हाईक दूध मागताना नाहीतरी याच शब्दांत मागते.

या शब्दांना जागायला मात्र लागते. संकलन केंद्रावर गाय आणि म्हैस यांच्या दुधाचे कॅन वेगळे, टाकी वेगळी, फॅटची नोंद वेगळी ठेवावी लागते. एखाद्या दिवशी गाईचे दूध कमी पडले म्हणून त्यात म्हशीचे मिसळले, तर ती पिशवी ‘गाईचे दूध’ राहत नाही, मिश्र दूध होते. ज्या डेअरीला हे दोन प्रवाह वेगळे सांभाळणे जमणार नाही, तिने सुरुवातीपासून मिश्र दूधच विकावे आणि तसे लिहावे.

ताकातही असाच एक फाटा फुटतो: साधे आणि मसाला घातलेले. मसाल्याच्या ताकाला ‘मठ्ठा’ हा शब्द तयार आहे. ‘दावण ताक’ आणि ‘दावण मठ्ठा’ म्हटले की तिसरा शब्दच लागत नाही. अशी यादी पुरी होते:

दावण – गाईचे दूध
दावण – म्हशीचे दूध
दावण – दही
दावण – ताक
दावण – मठ्ठा
दावण – गाईचे तूप

सहा वस्तू आहेत, पण गिऱ्हाइकाला नवा शब्द एकच शिकायचा आहे.

रंग हेही नावच

दुकानात कोणी ‘अर्धा लिटर फुल क्रीम द्या’ असे म्हणत नाही. ‘निळी पिशवी द्या’, ‘हिरवी द्या’ असेच म्हणतात. रंग हे दुधाचे बोलीतले नाव आहे आणि ते गिऱ्हाईकच ठेवते. म्हणून रंगांची वाटणी नावांच्या वाटणीइतक्याच काळजीने करावी. पहाटे पाचला अपुऱ्या उजेडात वाटप करणारा पोरगा क्रेटमधून पिशव्या उचलतो. त्या वेळी अक्षरे दिसत नाहीत, पट्टीचा रंग दिसतो. गाईच्या दुधाला निळी पट्टी आणि ताकाला फिकट निळी दिली, तर चहात ताक पडणार हे ठरलेले.

आडनाव प्रत्येक पिशवीवर त्याच जागी, त्याच अक्षरांत आणि त्याच रंगात असावे. खालची रुंद पट्टी आणि पदार्थाचे नाव मात्र बदलत जावे. याचा फायदा छपाईतही होतो. दुधाच्या पिशवीची फिल्म ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात, तिथे प्रत्येक रंगाला एक कोरलेले सिलिंडर लागते. पिशव्यांचा आकार एकच ठेवला आणि बदलणारा मजकूर एकाच सिलिंडरवर बसवला, तर बाकीची सिलिंडरे सर्व पदार्थांना चालतात. हे डिझाइन करणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावे लागते; सिलिंडरे कोरून झाल्यावर काही करता येत नाही. सहा पदार्थांना सहा वेगळी नावे आणि सहा वेगळी चित्रे असतील, तर प्रत्येकाचा पूर्ण संच वेगळा कोरावा लागतो. छापखाना ठरावीक किलोपेक्षा कमी फिल्म छापत नाही, त्यामुळे कमी खपणाऱ्या मठ्ठ्याच्या फिल्मचा रोल गोदामात पडून राहतो.

तुपापाशी परीक्षा

एका आडनावाची एक किंमत आहे. एकाचा दोष सगळ्यांना लागतो. दही आंबट निघाले की गिऱ्हाईक दुधाकडेही संशयाने पाहते. हे टाळता येत नाही आणि टाळूही नये, कारण याच धाकाने डेअरी सावध राहते. पण सर्वांत मोठा धोका तुपातून येतो आणि तो हिशेबाने आधीच दिसतो.

गाईच्या दुधात सुमारे ४ टक्के स्निग्धांश धरला, तर एक किलो तुपाला साधारण २६ लिटर दूध लागते. आमची डेअरी रोज ४० लिटर गाईच्या दुधातून क्रीम काढते असे धरू. महिन्याला १,२०० लिटर, म्हणजे सुमारे ४५ किलो तूप, म्हणजे अर्ध्या किलोच्या ९० बरण्या. दिवाळीत मागणी ३०० बरण्यांची येते. २१० बरण्या कमी पडतात. बाजारात सुटे तूप मिळते, बरण्या आणि लेबले आपलीच, आणि दुकानदार रोज फोन करतो. या क्षणी आडनावाची खरी परीक्षा होते. विकत घेतलेले तूप ‘दावण’ बरणीत भरले, तर नाव मूळ ठिकाण सांगते हा त्याचा पायाच निघून जातो. त्या तुपाचा वास किंवा दाणा वेगळा लागला, तर २१० घरांत दूधही बंद होऊ शकते.

यावर दोन सरळ मार्ग आहेत. एक, श्रावणापासून थोडे थोडे तूप राखून ठेवायचे. चांगले कढवलेले आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरलेले तूप काही महिने टिकते. दोन, रोजच्या दूधवाल्या गिऱ्हाइकांची नावे आधी घेऊन त्यांना पहिला हक्क द्यायचा आणि ‘संपले’ म्हणायला लाजायचे नाही.

व्यापारासाठी दुसरे तूप विकायचेच असेल, तर त्याला वेगळे आडनाव द्यावे. मोठे उत्पादकही हे करतात. गुजरातच्या महासंघाकडे ‘अमूल’ तूप आहे आणि ‘सागर’ हे वेगळे तूपही आहे. पराग कंपनीने ‘गोवर्धन’ नावाच्या बाहेर चीजसाठी ‘गो’ आणि महागड्या दुधासाठी ‘प्राइड ऑफ काऊज’ अशी वेगळी नावे ठेवली आहेत. वचन वेगळे असेल, मूळ वेगळे असेल किंवा दर्जाची पायरी वेगळी असेल, तर नावही वेगळे. केवळ पदार्थ वेगळा आहे म्हणून नाव वेगळे करायचे कारण नाही.

नाव बसले का, हे कसे ओळखावे

छपाईआधीची तपासणी स्वस्तात होते. तालुक्यातल्या काही दुकानदारांना फोनवर नाव एकदाच सांगावे आणि त्यांना ते लिहायला सांगावे. दोन दिवसांनी विचारावे, कोणते नाव होते? जे नाव निम्म्यांनी चुकीचे लिहिले किंवा विसरले, ते नाव बाजारात रोज अडखळेल. मग सहाही पिशव्यांच्या रंगीत प्रती काढून दुकानाच्या फ्रीजमध्ये दुसऱ्या मालाशेजारी ठेवाव्यात आणि चार पावलांवरून पाहाव्यात. दोन गोष्टी एका नजरेत कळायला हव्यात: या सगळ्या एका घरच्या आहेत, आणि यांतली दह्याची कोणती.

विक्री सुरू झाल्यावर खुणा दुकानातच सापडतात. दुकानदार चुकीची पिशवी आली म्हणून परत पाठवत असेल, तर रंग किंवा तिसरा शब्द कच्चा आहे. लोक तुमच्या दह्याला दुसऱ्याच डेअरीचे नाव घेत असतील, तर आडनाव फार लहान अक्षरांत आहे किंवा फार मिळतेजुळते आहे. दूध खपते पण त्याच घरात तूप जात नसेल, तर दोन्हींचे नाते बरणीवर दिसत नाही. दूध घेणाऱ्या घराने मागणी न करता विचारले की ‘तुमचं तूप पण येतं का?’, तर आडनाव रुजले असे समजावे.

पुढे गटाला श्रीखंड करावेसे वाटेल, पनीर करावेसे वाटेल, उन्हाळ्यात कोणी आइस्क्रीमचाही विषय काढेल. त्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. हा पदार्थ याच दावणीच्या दुधाचा आहे का? त्याचे साधे नाव लोकांना पुरते का? आणि तो बिघडला तर रोजच्या दुधाला लागणारा डाग आपण पत्करू शकतो का? श्रीखंड आपल्याच दह्याच्या चक्क्याचे असेल, तर तिन्ही उत्तरे मिळतात आणि गुढीपाडव्याला ‘दावण श्रीखंड’ नव्या शब्दाशिवाय बाजारात जाऊ शकते. आइस्क्रीमला ३०व्या वर्गात वेगळी नोंदणी लागेल आणि गोठवण्याची साखळीही लागेल, पण दूध आपले असेल तर तेही घरात येऊ शकते. वनस्पती तेल घालून केलेले फ्रोझन डेझर्ट मात्र पहिल्याच प्रश्नाला अडते. ते कितीही खपत असले तरी या नावाने विकू नये, कारण त्या दिवसापासून उरलेल्या सहा वस्तूंवरचे आडनाव काय सांगते, हे गिऱ्हाइकाला पुन्हा विचारावे लागेल.